‘पावसात भिजला, म्हणून घसा धरला’

(फुलसावंगी येथे झालेल्या पाठीराख्यांच्या मेळाव्यात, वसतिगृहात अनेक वर्षे काम केलेल्या एका निवृत्त परिचारिकाबाईंनी केलेलं भाषण.)



आज बाहेर झड लागली आहे. येताना आपल्यापैकी बरेच जण भिजले आहेत. मघाशी चहाच्या वेळी मी तीन जणांच्या तोंडून ऐकलं, ‘आता उद्या घसा धरणार बघा.’ एका ताईंनी तर नातवाला पंख्याखालून उठवून दुसरीकडे बसवलं. मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं, कारण हेच वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षं म्हणत आले. एवढंच नव्हे, मी ते लिहूनही ठेवलं आहे.

आमच्या वसतिगृहात आजारी मुलांचं एक रजिस्टर होतं. त्यात तारीख, मुलाचं नाव, तक्रार, कारण आणि उपचार असे पाच रकाने मीच पट्टीने आखले होते. कारणाच्या रकान्यात जून ते सप्टेंबर मी एकच शब्द लिहीत असे : ‘पाऊस’. मार्च ते मे त्याच रकान्यात असायचं ‘पंखा’, आणि थंडीत ‘गार पाणी’. कोणी मला विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही, की हे मला कसं कळलं.

वीस-एक वर्षांपूर्वीच्या एका आठवड्याची गोष्ट सांगते. नाव कोणाचंच घेत नाही, कारण ती मुलं आता मोठी झाली आहेत, संसाराला लागली आहेत.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्या वर्षी वसतिगृहात ३८ मुलगे होते. आंध, गोंड, कोलाम आणि तांड्यावरची काही मुलं. दोन खोल्या होत्या आणि मुलं जमिनीवर चटया टाकून ओळीने झोपत. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी आर्द्राचा जोरदार पाऊस आला. शाळेतून येताना २१ मुलं वाटेत सापडली आणि ओलीचिंब होऊन आली. उरलेली १७ कोरडी राहिली. त्यांतली काही शाळेच्या व्हरांड्यात पाऊस थांबेपर्यंत बसली होती, काही त्या दिवशी वसतिगृहातच होती.

शुक्रवारी सकाळी दोन मुलांनी घसा दुखत असल्याचं सांगितलं. दोघंही आदल्या दिवशी भिजलेले. स्वयंपाकाच्या मावशी लगेच म्हणाल्या, ‘पाहा बाई, पोट्टे पाण्यात भिजले अन् घसा धरला त्यांचा.’ मी मान हलवली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पाऊस’. शनिवारी आणखी तीन, रविवारी दोन, सोमवारी एक. प्रत्येकापुढे ‘पाऊस’. मिठाच्या गुळण्या दिल्या, तापाची गोळी दिली, आणि तीन दिवस कोणालाही पंखा लावू दिला नाही. खोलीच्या खिडक्याही लावून घेतल्या, वारा लागू नये म्हणून.

बहुतेक मुलं आठवड्याभरात खेळायला लागली. विषय संपला असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्याच एका नऊ वर्षांच्या मुलाचा उजवा गुडघा सुजला. हात लावू देईना. दोन दिवसांत गुडघा उतरला आणि घोटा सुजला, अंगात ताप. मावशी म्हणाल्या, पडला असेल कुठे. मी त्याला तालुक्याला नेलं आणि तिथून आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मला विचारलं, ‘सिस्टर, दोन-चार आठवड्यांमागे याचा घसा दुखला होता का?’

मी म्हणाले, ‘हो सर, पावसात भिजला होता.’

ते म्हणाले, ‘पावसाचं मी विचारलं नाही. घशाचं विचारलं.’

त्या मुलाला रुमॅटिक ताप, म्हणजे घशातल्या एका विशिष्ट जंतूच्या मागोमाग येणारा सांध्यांचा आणि हृदयाचा आजार झाला होता. हृदयाच्या एका झडपेला सूज आली होती. वसतिगृहात परत आल्यावर त्या रात्री मी रजिस्टर काढून बसले. पहिल्यांदाच मी ते नुसतं भरलं नाही, तर वाचलं.

वाचलं तेव्हा काय दिसलं ते सांगते.

त्या आठवड्यात एकूण नऊ मुलं आजारी होती. भिजलेल्या २१ पैकी चार, आणि कोरड्या १७ पैकी पाच. पाऊस हे कारण असतं, तर कोरडी पाच मुलं आजारी का पडली? त्यांच्यापुढेही मी सवयीने ‘पाऊस’च लिहिलं होतं! दुसरी गोष्ट, नवांपैकी पहिला मुलगा आजारी पडला होता मंगळवारी, म्हणजे पाऊस येण्याच्या दोन दिवस आधी. तो घरून उशिरा आला होता, नाक गळत होतं, शिंका येत होत्या. त्याला सोडायला आलेल्या वडिलांनी सांगितलं होतं की धाकट्या बहिणीलाही सर्दी आहे. तिसरी गोष्ट, नवांपैकी आठ मुलं एकाच खोलीतली होती. शुक्रवारी सकाळी घसा दुखतो म्हणणारी दोन मुलं त्या मंगळवारच्या मुलाच्या उजव्या-डाव्या चटईवर झोपणारी होती.

मग मी खोलीत जाऊन पाहिलं. दाराजवळच्या खिळ्यावर एक पंचा होता, सगळ्यांच्या तोंड पुसण्याचा. पाण्याच्या ड्रमवर एक पेला होता, सगळ्यांच्या पिण्याचा.

आता, एका वसतिगृहाच्या एका आठवड्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही समजतं. पण त्या रजिस्टरने मला वाचायला लावलं, आणि मग कळलं की हा प्रश्न माझ्याआधी पुष्कळ लोकांनी विचारला होता आणि त्याची परीक्षाही घेतली होती.

इंग्लंडमध्ये सॉल्सबरी गावाजवळ १९४६ मध्ये फक्त सर्दीचा अभ्यास करण्यासाठी एक केंद्र सुरू झालं. ते चार दशकांहून अधिक काळ चाललं. सर ख्रिस्तोफर अँड्र्यूज हे त्याचे प्रमुख. निरोगी लोक स्वखुशीने तिथे दहा दिवस राहायला येत आणि त्यांना इतरांपासून वेगळं ठेवलं जाई. अँड्र्यूज यांनी तुमच्या-माझ्या आजीच्या म्हणण्याची सरळ परीक्षा घेतली. काही लोकांना गरम पाण्याने अंघोळ घालून, अंग न पुसता, ओल्या कपड्यांत, वारा वाहणाऱ्या बोळात अर्धा तास उभं केलं. नंतर ओले मोजे घालून ठेवलं. बिचारे कुडकुडले, पण नुसतं भिजल्याने आणि गारठल्याने त्यांच्यापैकी कोणालाही सर्दी झाली नाही. दुसऱ्या गटाच्या नाकात सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातला पातळ केलेला स्राव घातला. त्यांच्यापैकी काहींना सर्दी झाली, आणि ते तर कोरडेच होते.

याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. उत्तर ध्रुवाजवळ स्पिट्सबर्गन नावाचं बेट आहे. तिथे लाँगइयरब्येन ही तेव्हा कोळशाच्या खाणीची वस्ती होती. त्या काळी हिवाळ्यात समुद्र गोठत असे आणि कित्येक महिने एकही जहाज येत नसे. १९३० ते ३१ या वर्षात दोन अभ्यासकांनी तिथल्या लोकांची सर्दी मोजली. आपल्याला वाटेल, एवढ्या भयंकर थंडीत तिथे घरोघरी खोकला असेल. प्रत्यक्षात हिवाळा पुढे सरकला तशी सर्दी जवळजवळ नाहीशी झाली. मग मे महिन्यात, हवा उबदार होऊ लागल्यावर, पहिलं जहाज धक्क्याला लागलं. थोड्याच दिवसांत सगळी वस्ती शिंकू लागली.

थंडीने जे केलं नाही ते जहाजातून उतरलेल्या माणसांनी केलं. आमच्या खोलीतलं जहाज म्हणजे मंगळवारी घरून आलेला तो मुलगा. त्याचा काहीच दोष नाही, त्यालाही ते घरीच कोणाकडून तरी मिळालं होतं.

तर सर्दी होते ती विषाणूमुळे. सर्वांत जास्त वेळा जो विषाणू सापडतो त्याला ऱ्हायनोव्हायरस म्हणतात. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, म्हणून एकदा सर्दी झाली तरी पुन्हा होतच राहते. तो आजारी माणसाच्या नाकातून बाहेर पडतो, शिंकेतून आणि श्वासातून हवेत, आणि नाक पुसलेल्या हातावरून पंच्यावर, दाराच्या कडीवर, दुसऱ्याच्या हातावर. आपण तो हात आपल्या नाकाला किंवा डोळ्याला लावला की तो आत शिरतो. आत शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. बहुधा पहिली खूण घशाची खवखव असते, मग नाक गळतं, मग खोकला.

हे एक ते तीन दिवस लक्षात ठेवा, कारण आपली सगळी फसगत इथेच होते. शुक्रवारी सकाळी ज्या दोघांचा घसा दुखला, त्यांना विषाणू बहुधा बुधवारच्या सुमारास, शेजारच्या चटईवरून मिळाला असणार. पण बुधवारी काही घडल्याचं कोणाच्या ध्यानात नाही. शेजारी कोणी शिंकलं हे कोण लक्षात ठेवतं? गुरुवारचा पाऊस मात्र सगळ्यांना आठवतो. म्हणून आठवणीत राहिलेल्या गोष्टीवर आपण आळ घेतो.

दुसरंही एक कारण आहे. आपल्याकडे पाऊस आणि शाळा एकाच वेळी सुरू होतात. महिना-दोन महिने आपापल्या पाड्यावर, शेतात, मोकळ्यावर असलेली मुलं एका बाकावर आणि एका खोलीत येतात. झड लागली की दारं-खिडक्या लावून सगळे आत बसतात. आपल्याला पाऊस दिसतो, बाक दिसत नाही.

इथे मी प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. २००५ साली वेल्समधल्या कार्डिफ इथल्या संशोधकांनी १८० लोकांची परीक्षा घेतली. निम्म्यांनी २० मिनिटं पाय गार पाण्यात बुडवले, निम्म्यांनी रिकाम्या भांड्यात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्याच्या गटातल्या १३ जणांनी सर्दीची तक्रार केली, दुसऱ्या गटातल्या ५ जणांनी. त्यांचा अंदाज असा की, विषाणू आधीच नाकात असेल पण जोर करत नसेल, तर अंग गारठल्यावर नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्याला थोडी सवड मिळते. पण त्या लोकांच्या नाकातला विषाणू तपासलेला नव्हता, त्यांनी सांगितलेल्या तक्रारींवरच ते मोजलं होतं. म्हणून मी एवढंच म्हणेन : गारठा कदाचित दार थोडं ढकलत असेल, पण आत येणारा वेगळाच असतो. तो आलेलाच नसेल, तर दिवसभर भिजलात तरी सर्दी होणार नाही. आपल्या बाया भर पावसात धानात आणि कपाशीत उभ्या असतात. त्या सगळ्या रोज आजारी पडत नाहीत, हे आपण डोळ्यांनी बघतो.

मग भिजून आल्या आल्या नाक का वाहतं? गार हवा लागली की नाक जास्त पाणी सोडतं. अंग पुसून कोरडे कपडे घातले की अर्ध्या-पाऊण तासात ते थांबतं. ती सर्दी नव्हे. म्हणून मुलांना भिजल्यावर कोरडं जरूर करा, त्यांना बरं वाटतं. मात्र कोरडं केलं म्हणजे सर्दी टळली असं समजू नका.

आता पंख्याबद्दल. ‘बाई, रातभर पंख्याखाली झोपला, म्हणून घसा दुखते,’ असं मला आया कितीदा तरी सांगत. त्यात त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. पंख्याखाली झोपून उठल्यावर घसा खरोखर दुखतो. पण ती वेगळी दुखणी आहे. आपलं नाक आत जाणारी हवा ओली आणि कोमट करून घशाला देतं. नाक चोंदलेलं असेल तर माणूस झोपेत तोंडाने श्वास घेतो. तोंड उघडं, वर पंख्याचा झोत, त्यामुळे घशाचा ओलावा रातभर उडून जातो. पात्यांवर धूळ साठलेली असेल तर तीही खाली येते. सकाळी घसा कोरडा, खरखरीत आणि दुखरा.

ओळखायचं कसं? हा घसा सकाळी सर्वांत जास्त दुखतो. पाणी प्यायलं, चहा-नाश्ता झाला की तास-दोन तासांत बरा होतो. ताप येत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाला लागत नाही. उलट सर्दीचा घसा दुपारी, रात्री, दुसऱ्या दिवशीही दुखतो, आणि मागोमाग नाक वाहू लागतं. पंख्याच्या घशाला औषध लागत नाही. पंख्याचा झोत थेट तोंडावर येणार नाही अशी चटई सरकवा, पाती पुसा, झोपताना पाणी प्या. मूल रोजच तोंड उघडं ठेवून घोरत झोपत असेल, तर त्याचं नाक का चोंदतं ते डॉक्टरांना दाखवा.

आणि माझी चूक करू नका. मी त्या आठवड्यात पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. म्हणजे मी काय केलं? आजारी मुलाच्या श्वासातली हवा खोलीतून बाहेर जाण्याची वाट बंद केली आणि बाकीच्यांना त्याच हवेत झोपवलं. घरात कोणाला सर्दी झाली असेल तेव्हा तर खिडकी उघडी हवी.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभी राहिले, तिच्याकडे येते. तो नववा मुलगा.

मी सांगितलं की नवांपैकी आठ जण एका खोलीतले. नववा दुसऱ्या खोलीतला होता. तो भिजला होता, शनिवारी त्याचा घसा दुखला, आणि मी त्याला बाकीच्यांच्या रांगेत बसवलं. पण ‘तक्रार’ या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : ‘घसा, ताप, गिळवत नाही’. बाकी आठ जणांपुढे लिहिलं होतं ‘घसा, नाक गळणे’ किंवा ‘घसा, खोकला’. त्याच्यापुढे ना नाक, ना खोकला. आजार वेगळा होता आणि तो माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. पण पुढच्या रकान्यात ‘पाऊस’ लिहिल्यावर मी पुढे पाहिलंच नाही. उत्तर मिळालं असं वाटलं की माणूस शोधणं थांबवतो.

त्याच्या घशात विषाणू नव्हता, स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू होता. बहुतेक घसे विषाणूमुळेच दुखतात आणि आपोआप बरे होतात. त्यांना अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा झाला म्हणूनही ती गोळी लागत नाही. पण थोड्या मुलांना, विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या, हा जंतू धरतो. अशा मुलाचा घसा एकाएकी दुखतो, ताप येतो, गिळताना डोळ्यांत पाणी येतं. नाक गळत नाही, खोकला नसतो. जबड्याखाली गाठी सुजतात आणि दाबल्या की दुखतात. तोंड उघडून उजेडात पाहिलं तर गाठींसारखे टॉन्सिल लालबुंद आणि त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात. नुसतं पाहून खात्री होत नाही, घशाचा नमुना तपासावा लागतो. पण या खुणा दिसल्या तर त्या मुलाला डॉक्टरांकडे नेलंच पाहिजे.

हा घसादेखील चार-पाच दिवसांत आपोआप दुखायचा थांबतो. तिथेच धोका आहे. या जंतूशी लढायला शरीर जी तयारी करतं, ती काही मुलांच्या बाबतीत चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावर उलटते, साधारण दोन ते चार आठवड्यांनी. सांधे बरे होतात, हृदयाची झडप पुष्कळदा होत नाही. आणि हे टाळता येतं. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू केलं, तर रुमॅटिक ताप सहसा होत नाही. गोळ्या असतील तर पूर्ण दहा दिवस घ्यायच्या, तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं तरी सोडायच्या नाहीत. नाहीतर डॉक्टर एक लांब टिकणारं इंजेक्शन देतात. नऊ दिवस! माझ्या हातात ते नऊ दिवस होते, आणि मी त्याला मिठाच्या गुळण्या दिल्या.

त्या मुलाला पुढे दर तीन आठवड्यांनी ते इंजेक्शन घ्यावं लागलं, पुन्हा झटका येऊ नये म्हणून. कमरेत घेतात, फार दुखतं. सुट्टीत घरी गेला तरी तारीख चुकवता येत नसे. पोळ्याला सगळी मुलं गावी गेली की हा मध्येच एक दिवस परत येई, आई त्याच्याबरोबर मैलोन्‌मैल चालत येई. झडपेला इजा झालेल्या मुलांना हे मोठं होईपर्यंत आणि काहींना त्यानंतरही कितीतरी वर्षं करावं लागतं. तो आज कामधंद्याला आहे, पण जड ओझं उचललं की त्याला दम लागतो.

लहान बाळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, थोडक्यात. पाच वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकला झाला तर घशापेक्षा श्वास मोजा. मूल शांत असताना, रडत नसताना, पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे शिकायला शाळा लागत नाही. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या शेवटी निरक्षर दायांनाही मणी सरकवून श्वास मोजायला शिकवलं. गावातच उपचार मिळू लागले आणि त्या गावांतले न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी झाले. त्या दायांनी ‘वारा लागला’ म्हणून सोडून दिलं नाही, त्यांनी मोजलं.

मी त्या रात्रीनंतर काय बदललं ते सांगून संपवते. दुसऱ्या दिवशी खिळ्यावरचा तो पंचा काढला आणि प्रत्येकाला स्वतःचा तुकडा दिला. ड्रमवर लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं आणि प्रत्येकाचा पेला वेगळा केला. जेवणाआधी आणि नाक शिंकरल्यावर साबणाने हात धुवायचे, हे मावशींच्या ताब्यात दिलं, आणि त्या माझ्यापेक्षा कडक निघाल्या. सुट्टीवरून येताना नाक गळत असलेल्या मुलाची चटई चार-पाच दिवस खिडकीजवळ, जरा अंतरावर टाकू लागलो. सर्दी पूर्ण गेली असं नाही, मुलं एकत्र राहतात तिथे ती जाणारही नाही. पण आठ-आठ मुलं एकदम पडायची थांबली.

आणि रजिस्टरमध्ये मी ‘कारण’ हा रकाना खोडला. त्या जागी दोन रकाने आखले. पहिल्यात लिहायचं, ‘याच्याआधी जवळ कोण आजारी होतं?’ आणि दुसऱ्यात, ‘नाक गळतं का, खोकला आहे का?’ या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आलं, आणि अंगात ताप असला, की त्या मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं.

माझ्यानंतर आलेल्या सिस्टरनी अजून तेच रकाने ठेवले आहेत. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा पाहिलं. एका मुलीपुढे दोन्हीकडे ‘नाही’ लिहिलं होतं, आणि पुढे तारीख घालून : ‘दाखवलं. गोळ्या दहा दिवस. पूर्ण.’ त्या दिवशी बाहेर पाऊसच पडत होता.